80 मिलिमीटरची पोकळी: अंडर-रीम्ड पाइलच्या कोडबद्दल थोडं भांडण

मागच्या वेळी आपण एका पेपरची चिरफाड केली होती. या वेळी पेपर नाही, कोड घेतोय: आयएस 2911 भाग 3, 1980 चा. काळ्या मातीवर संशोधन करायचं ठरवलंत की हा कोड हातात येणारच. त्यातलं कोष्टक सगळे वाचतात. मला भांडायचंय ते त्या कोष्टकाशी नाही, तर त्याच कोडमधल्या एका ओळीला मिळणाऱ्या वागणुकीशी.

आधी माझीच चूक सांगतो. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी फ्री स्वेल इंडेक्सचे आकडे रांगेत मांडले होते. ही टेस्ट तुम्हाला माहीत असेल. ओव्हनमध्ये वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात टाकायची, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि 24 तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात 24 मिली आणि रॉकेलमध्ये 12 मिली भरली, तर इंडेक्स 100 टक्के. सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "घराखालची माती ओव्हनमध्ये वाळवलेली असते का रे?"

त्या प्रश्नाने माझे सहा महिने गेले, पण प्रश्न बरोबर होता. इंडेक्स सांगतो मातीचा स्वभाव. घर मोडतं ते ओल बदलल्यामुळे, आणि ती सगळीकडे सारखी बदलत नाही म्हणून. पावसाळ्यात भिंतीच्या बाहेरची माती भिजून वर येते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मधल्या भागाखाली मात्र ऊन पोचत नाही, वाफ बाहेर पडत नाही. तिथे ओल वर्षानुवर्षं साठत जाते आणि जमीन घुमटासारखी वर येते. कडा वर आल्या की तडा खाली रुंद असतो, मध्य वर आला की बहुधा वर रुंद. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा सप्टेंबरात आणि मे महिन्यात मोजून बघा. ऋतूप्रमाणे तो उघडमीट करत असेल तर संशय काळ्या मातीवर. नुसताच वाढत जात असेल तर पाया खचत असण्याची शक्यता आधी तपासा.

आता हलकी घरंच का फुटतात? परभणी जिल्ह्यात मी पाहिलेलं दोन खोल्यांचं घर घेऊ. नऊ इंची वीटभिंत आणि वर पत्रा. भिंत, बीम आणि छप्पर मिळून भार मीटरला साधारण 25 किलोन्यूटन. 60 सेंटीमीटर रुंद पाया दिला तर मातीवर दाब येतो सुमारे 42 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तिथल्या मातीचा फुगण्याचा दाब 150 धरला, तर माती साडेतीनपट जोराने वर ढकलतेय. गंमत म्हणजे अशा वेळी गवंडी सुचवतो, "पाया रुंद करा." रुंद केला की दाब आणखी कमी होतो, म्हणजे घर उचलणं मातीला आणखी सोपं.

म्हणून अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या सीबीआरआयने आपल्याकडे ही पद्धत रुजवली. ऑगरने भोक पाडायचं, तळाजवळ खास कटरने ते रुंद करायचं, सळ्या सोडून काँक्रीट भरायचं. खांबाचा व्यास 30 सेंटीमीटर असेल तर फुगवट्याचा साधारण 75. हा फुगवटा जिथे ओल ऋतूनुसार फारशी बदलत नाही अशा खोलीवर बसतो. खोल फुगऱ्या मातीत कोड किमान 3.5 मीटर लांबी मागतो.

इथे माझी पहिली तक्रार, पण ती कोडपेक्षा आपल्या वाचण्याबद्दल आहे. नदीकाठच्या खोल काळीत 3.5 मीटर योग्यच. पण माळाकडच्या बाजूला दीड मीटरवर कठीण मुरूम लागत असेल तर साधा पाया मुरमापर्यंत नेणं स्वस्त आणि सोपं. आधी खड्डा घ्या, मग पाइल म्हणा.

दुसरी तक्रार मोठी आहे. कोष्टकात 30 सेंटीमीटरच्या एका फुगवट्याच्या पाइलपुढे पहिला आकडा असतो 16 टन, खाली दाबणाऱ्या भारासाठी. सगळे तोच उचलतात. आपल्या घराला मात्र त्याच्या पुढचा, वर खेचणाऱ्या भाराचा, 8 टनांचा आकडा लागतो. हिशेब करून बघू. पाइल दर 2 मीटरला, म्हणजे एका पाइलवर घराचं वजन 50 किलोन्यूटन. वरची अडीच मीटर माती फुगताना खांबाला धरून वर ओढते. घेर 0.94 मीटर गुणिले अडीच, म्हणजे साधारण 2.36 चौरस मीटर. मातीची पकड 30 धरली तर ओढ 70 किलोन्यूटन. त्यातून घराचं 50 वजा करा, उरतात 20. फुगवट्याची ताकद 80 च्या आसपास. पाइल आरामात आहे.

आता बीमकडे या. पाइलच्या डोक्यावरून जाणारा प्लिंथ बीम जमिनीपासून किमान 80 मिलिमीटर वर ठेवा, असं कोड सांगतो. एक ओळ, बांधकामाच्या तपशिलात. परभणीच्या त्या घरात ही पोकळी होती, पण बांधून झाल्यावर घरमालकांनीच ती माती ठासून बुजवली होती. "साप-उंदीर शिरायचे, साहेब," काका म्हणाले. मी त्यांना काय बोलणार? त्या 80 मिलिमीटरचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

बुजवल्यावर काय झालं? बीमची रुंदी 23 सेंटीमीटर, दोन पाइलमधली लांबी 2 मीटर, म्हणजे 0.46 चौरस मीटर. त्यावर 150 चा दाब लावला तर वाढीव उचल 69 किलोन्यूटन. आधीच्या 20 मध्ये मिळवा: 89. सुरक्षित 80 ओलांडले. 150 हा माती अजिबात न हलता येणारा कमाल दाब आहे आणि कोष्टकात सुरक्षा गुणकही धरलेला आहे, त्यामुळे पाइल उपटून येईलच असं नाही. पण पाइलनी धरून ठेवलेला बीम मधे वर वाकतो आणि भिंतीला तडा देतो. त्या घरात तडे नेमके दोन पाइलच्या मधेच होते.

तुमच्यापैकी कुणी "पाइलवरच्या घरांचं अपयश" असा विषय घेत असेल तर लॅबआधी टॉर्च घेऊन बीमखाली बघा. बाहेरच्या बाजूने पोकळी झाकायची असेल तर बीमला न चिकटणारी, जमीन वर आली तरी बीमवर भार न टाकणारी विटांची मोकळी आड चालते. ठासलेली माती नाही.

आणि फरशी विसरू नका. पाइल भिंती धरतात, खोलीतली फरशी थेट मातीवरच असते. काकांच्या मधल्या खोलीत ती बोटभर वर आली होती आणि आतलं दार पावसाळ्यात अडकायचं. फरशीसाठी उपाय वेगळा: एकतर पाइलवर टेकलेला स्लॅब, नाहीतर आयआयटी मुंबईच्या कट्टींनी मांडलेला न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर. त्या थराबद्दलही माझ्या शंका आहेत, त्या पुढच्या पोस्टमध्ये. तोपर्यंत काकांच्या भिंतीवर मी पेन्सिलने खुणा केल्यात. सप्टेंबरात परत मोजायला जाणार आहे.