गाळातून वर आलेलं देऊळ

भाटघर धरणाचं पाणी मे महिन्यात ओसरलं की भोर तालुक्यातल्या कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. पावसाळा लागला की ते पुन्हा पाण्याखाली जातं. वेळवंड खोऱ्यात वाढलेल्या कुणालाही कथा लिहावीशी वाटली, तर हे देऊळ हाताशी असतंच. अडचण त्यानंतर सुरू होते.

बालपणावरच्या मराठी लेखनाला तोटा नाही. दिवाळी अंक चाळले तर आजी, मामाचं गाव, पाटीपेन्सिल असं बरंच काही सापडतं. यातलं पुष्कळसं गोड असतं, पण ते आठवणीपाशीच थांबतं. लेखक नावं बदलतो, गावाचं नाव गाळतो आणि कथा झाली असं समजतो.

मराठीतलं सर्वांत परिचित उदाहरण साने गुरुजींचं. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पांडुरंगाचा श्याम झाला आणि आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगायची, असा साचा मिळाला. विस्कळीत आठवणींना बेचाळीस रात्रींची चौकट लाभली. मात्र प्रत्येक रात्रीला काहीतरी शिकवायचं असल्यामुळे प्रसंगाचा शेवट आधीच ठरतो. पुढच्या अनेकांनी नेमका तोच भाग उचलला.

प्रकाश नारायण संतांनी वेगळी वाट धरली. संत मूळचे बेळगावचे, कवयित्री इंदिरा संतांचे पुत्र, लहानपणीच आजोळी दत्तक गेलेले आणि पुढे कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवणारे. लंपन नावाच्या मुलाच्या त्यांच्या सुरुवातीच्या कथा 'सत्यकथे'त आल्या, मग कित्येक वर्षं खंड पडला. 'वनवास' पुस्तकरूपानं आलं 1994 साली, तेव्हा संत सत्तावन्न वर्षांचे होते. इतकं वय झालेला माणूस लंपनच्या तोंडून मात्र मुलाला कळेल तेवढंच वदवतो. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणं या वस्तुस्थितीला 'वनवास' म्हटलं की तिला आपोआप जाण्या-येण्याचा, वाट पाहण्याचा आकार येतो. सीमाभागातली कानडी वळणाची बोली आणि सारखा येणारा 'मॅड' हा शब्द मुलाच्या डोक्याची उंची सांभाळतात. दुःखाचं नाव लंपनला ठाऊक नसतं, ते वाचकाला कळतं.

आता कांबऱ्याकडे येऊ. समजा, या खोऱ्यातली एक बाई लिहायला बसली आहे. तिच्या आठवणीत तीन वेगवेगळे मे महिने आहेत. पहिल्यात आजी तिला भेगाळलेल्या गाळावरून देवळात नेते आणि पिंडीवरचा चिखल पदरानं पुसते. दुसऱ्यात मोठा मामा बुडालेल्या जमिनीवरून आजीशी भांडतो. तिसऱ्यात आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि धाकटा मामा तेच भांडण पुन्हा उकरतो.

पहिल्या खर्ड्यात ती हे जसंच्या तसं, सालांसकट लिहिते. बहीण वाचून म्हणते, "अगदी असंच झालं होतं." ही दाद ऐकून सावध व्हायला हवं, कारण बाहेरच्या वाचकाला तिथे आत शिरायला जागाच राहिलेली नसते.

दुसऱ्या खर्ड्यात तीन उन्हाळ्यांचा एक होतो. दोन मामांचा एक मामा होतो, कारण दोघं बोलतात तेच. पण इथे गडबड होऊ शकते. मोठा मामा खरोखर तापट होता, तर धाकटा मनातून घाबरलेला. दोघांना सरसकट मिसळलं तर नुसता खलनायक उरतो. म्हणून तिला धाकट्याची भीती मोठ्याच्या आवाजात घालावी लागते: मामा ओरडतो, पण ओरडताना आजीकडे बघत नाही.

तिसरा बदल देवळाचा. आठवणीत ते पूर्ण उघडं होतं. कथेत ती ते सुरुवातीला अर्धं बुडालेलं ठेवते, कळस तेवढा वर. रोज पाणी थोडं उतरतं आणि घरातलं भांडण थोडं वर येतं. पाण्याची पातळी हाच कथेचा कणा झाल्यावर आजीच्या आजारपणाची वेगळी गोष्ट सांगायची गरज उरत नाही. आजी शेवटच्या फेरीला यायचं नाकारते, एवढं पुरतं.

मग उरते मुलीची नजर. 'धरणग्रस्तांच्या व्यथा' हे शब्द सात वर्षांच्या पोरीचे नव्हेत. ते खोडून तिथे मुलीला खरंच पडलेला प्रश्न येतो: देव पाण्याखाली श्वास कसा घेतो?

एक गोष्ट मात्र बदलायची नाही, ती म्हणजे चिखलानं माखलेला तो पदर. तो काढून हातरुमाल दिला की सगळं खोटं वाटू लागतं. का ते तिला सांगता येत नाही. पण तिसऱ्या खर्ड्यात आजी घरी येऊन तो पदर धुवायला टाकत नाही. तसाच दोरीवर वाळत घालते आणि मामा जेवायला बसतो तेव्हा वाळलेल्या गाळाचे पापुद्रे त्याच्या ताटाशेजारी पडत राहतात.