चिकन, जीबीएस आणि साठ सेकंद

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव-किरकटवाडी-धायरी पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. त्या दिवसांत आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी सोसायटीच्या हॉलमध्ये दीड तास व्याख्यान दिलं. आम्ही तिघांनी त्याचं रेकॉर्डिंग तोडून साठ-साठ सेकंदांची उत्तरं बनवली. एका व्हिडिओत एकच समज. त्यातल्या पहिल्या व्हिडिओबद्दल मला तक्रार आहे, आणि तो मीच लिहिला होता.

त्याची सुरुवात अशी होती: ‘चिकन खाल्ल्यानं जीबीएस होतो? साफ खोटं!’

अडचण अशी की ते साफ खोटं नाही. कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो आणि तिथून कच्च्या मांसावर येतो. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तो सापडलाही. पण तो दूषित पाण्यातूनही पोटात जातो, आणि इथे मुख्य संशय पाण्यावरच होता. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं होतं. या जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या एका घटकासारखा दिसतो. शरीर जंतूविरुद्ध हत्यार तयार करतं आणि क्वचित तेच हत्यार नसांवर चालतं. म्हणजे जुलाब आधी, पायांतली ताकद जाणं नंतर. हे समजवायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. मी त्याचं ‘साफ खोटं’ केलं.

व्याख्यानाला बसलेला माणूस दहा मिनिटं गोंधळला तरी चालतं, पुढे उलगडा होतो. रीळ बघणाऱ्याला पुढे नसतंच. त्यामुळे अर्धा खरा समज पूर्ण खोटा ठरवला, की ज्याला त्यातला खरा अर्धा माहीत आहे तो आपल्याला लबाड समजतो. ज्याला माहीत नाही तो अर्धकच्चं तंदुरी बिनधास्त खातो.

दुसरी चूक मावशीमुळे कळली. तिनं व्हिडिओ बसमध्ये, आवाज बंद ठेवून पाहिला. मी विचारलं, काय कळलं? ‘चिकन खायचं नाही, असंच ना?’ पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत समजच लिहिलेला होता, प्रश्नचिन्ह कोपऱ्यात. आवाजाशिवाय आमचा व्हिडिओ म्हणजे त्याच अफवेची जाहिरात होती.

मग पुन्हा लिहिला. मिनिटभरात आरामात बोलायचं तर शंभर-सव्वाशे शब्दच मावतात, त्यातही मध्ये श्वास घ्यायला जागा हवी. म्हणून समजापासून नाही, खऱ्यापासून सुरुवात केली:

‘नीट शिजलेल्या चिकननं जीबीएस होत नाही. मग हे नाव आलं कुठून? कच्च्या कोंबडीवर एक जंतू असू शकतो. दूषित पाण्यातही असतो. तो पोटात गेला की जुलाब होतात आणि बहुतेक लोक आपोआप बरे होतात. फार थोड्यांच्या शरीराची जंतूशी लढणारी यंत्रणा नंतर चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. तो जीबीएस. जंतू शिजवल्यावर मरतो. म्हणून चिकन आतपर्यंत शिजवा, कच्चं चिकन कापलेल्या सुरीनं काकडी कापू नका, पाणी उकळून प्या. जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढवेना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.’

पडद्यावर फक्त एवढंच: ‘चिकन आतपर्यंत शिजवा. पाणी उकळा.’ मावशीनं याही वेळी आवाज बंदच ठेवला आणि बरोबर सांगितलं. पुढे प्रत्येक व्हिडिओ आम्ही असाच आधी कुणाला तरी मुका दाखवला.

आता एक समज-एक व्हिडिओ या पद्धतीवरचा माझा खरा आक्षेप. व्याख्यानात एकच साखळी होती: पाणी किंवा अन्न, जुलाब, शरीराची चूक, नसा. ‘जीबीएस शेजाऱ्याकडून लागतो का?’ हा आमचा तिसरा व्हिडिओ. त्याचं उत्तर नाही असंच आहे, पण जुलाबाचा जंतू मात्र न धुतलेल्या हातांवरून पसरतो. पहिला व्हिडिओ न बघितलेल्याला हे दोन्ही एकदम परस्परविरोधी वाटतं. म्हणून ‘आधी जुलाब, मग क्वचित नसा’ हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत पुन्हा घातलं. तोचतोचपणा झाला, पण रीळ एकेकटंच फिरतं. त्याच्यापुढचं-मागचं कोण शोधतंय?

आणि एक गोष्ट आम्हाला मावेना. हॉलमध्ये एका काकांनी विचारलं होतं, ‘घरात सगळ्यांनी तेच पाणी प्यायलं, मग माझ्याच मुलाला का?’ डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘ते आम्हाला आधी सांगता येत नाही.’ काकांनी मान हलवली. पुढचा प्रश्न यायला वेळ लागला. ती शांतता रेकॉर्डिंगमध्ये आहे. एडिट करणाऱ्या मित्रानं ती कापली, कारण तेवढ्यात लोक वर सरकवतात. मला ती ठेवायची होती. आमचं अजून जमलेलं नाही.