एकाहत्तर आणि शहात्तर

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचं काम चालतं. रोटाव्हायरसवरच्या ‘११६-ई’ या भारतीय लसीची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर इथल्या बालकांवरही झाली, आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या दाट तक्त्यांमधली एकच ओळ उचलून केलेली स्लाईड माझ्यासमोर आहे. ती पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.

निवडलेली ओळ आहे रोटाव्हायरसमुळे झालेल्या तीव्र जुलाबांची. चाचणी मुळात ज्या प्रश्नासाठी उभी केली, त्याचंच उत्तर या ओळीत आहे. पहिल्या वर्षापुरता परिणामकारकतेचा आकडा एकूण आकड्याहून चांगला, ५६.४ टक्के होता. तो उचलण्याचा मोह स्लाईड करणाऱ्याने आवरला, याचं मला विशेष वाटतं.

पण खरी कसोटी पुढे आहे. तक्त्यात लस घेतलेल्यांमध्ये ७१ आजारपणं, आणि औषध नसलेले थेंब घेतलेल्यांमध्ये ७६. हे दोन आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवले असते, तर लस निकामीच वाटली असती. लसीचा गट मात्र दुप्पट मोठा होता : ४,३५४ बालकं, तर दुसरीकडे २,१८७. म्हणून स्लाईडवर आजारपणांऐवजी दर आला आहे. एका बाजूला ४,७५२ बालक-वर्षांत ७१, दुसऱ्या बाजूला २,३६० बालक-वर्षांत ७६. म्हणजे दर शंभर बालक-वर्षांमागे १.५ आणि ३.२. भागाकार साधाच आहे, पण दडलेला फरक त्यानेच उघडा पडतो.

दोनच आडव्या पट्ट्या. लसीची गडद निळी, दुसरी राखाडी. दोन्ही शून्यापासून सुरू होतात. त्या एकापासून सुरू केल्या असत्या, तर दुपटीहून थोडा जास्त असलेला फरक डोळ्यांना चौपटीपेक्षाही मोठा दिसला असता. आकडे पट्ट्यांच्या टोकाशीच लिहिल्यामुळे रेघांची जाळी लागलेली नाही. शीर्षकाच्या जागी ‘निष्कर्ष’ असा कोरडा शब्द नाही, सरळ विधान आहे : ‘लसीमुळे तीव्र आजारपणं निम्म्याहून कमी झाली.’

खाली बारीक अक्षरांत एक ओळ : परिणामकारकता ५३.६ टक्के, ९५ टक्के विश्वासांतर ३५.० ते ६६.९. ही ओळ काढून टाकली असती, तर स्लाईड आणखी देखणी झाली असती आणि खोटीही. ‘निम्म्याहून कमी’ हे विधान मधल्या आकड्यावर उभं आहे. खरा परिणाम एक-तृतीयांशाच्या आसपासही असू शकतो, हे बघणाऱ्याला त्या ओळीमुळेच कळतं. शीर्षकात ‘सुमारे निम्मी’ म्हटलं असतं, तर मला अधिक पटलं असतं.

आतड्यात आतडं अडकण्याच्या घटना, लसीच्या गटात ६ आणि दुसऱ्यात २, इथे नाहीत. तिथेही गटांचा तोच दुप्पट फरक आहे, शिवाय घटना इतक्या थोड्या की त्यांवरून धोका आहे किंवा नाही, काहीच ठामपणे म्हणता येत नाही. त्या ओळीला स्वतःची स्लाईड हवी, आणि ती याच स्लाईडच्या लगेच मागे यायला हवी.