दीर्घ चित्रण आणि शीघ्र संकलन : 'कोर्ट' व 'फँड्री' यांच्या संदर्भात

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) या दोन्ही चित्रपटांचा विषय जातीय विषमतेशी निगडित आहे. परंतु प्रेक्षकाचे लक्ष वेधण्याच्या त्यांच्या रीती परस्परविरुद्ध आहेत. प्रस्तुत लेखात प्रत्येकी एका प्रसंगाच्या आधारे हा भेद तपासला आहे.

'कोर्ट'मध्ये मॅनहोल सफाई कामगाराच्या पत्नीची साक्ष होते. कॅमेरा दूर व स्थिर आहे. गटारातील दुर्गंधी सोसवत नसल्याने पती आत उतरण्यापूर्वी दारू पीत असे, हे ती सपाट स्वरात सांगते. येथे तिच्या डोळ्यांचे समीपदृश्य घेऊन प्रेक्षकाला रडविणे सोपे होते. ते टाळल्यामुळे एकाच चौकटीत साक्षीदार, वकील आणि निर्विकार कामकाज सारेच दिसत राहते. कोठे पाहावे, हे दिग्दर्शक सांगत नाही. झाडीपट्टीतील रात्रभराचे नाटक पाहणाऱ्या आपल्या भागातील प्रेक्षकाला हे स्वातंत्र्य अपरिचित नाही. या प्रसंगातील ताण 'पुढे काय होणार' यातून येत नाही; इतके भयंकर ऐकूनही कोणी हलत नाही, यातून तो साचत जातो.

'फँड्री'तील डुक्कर पकडण्याचा प्रसंग असा चित्रित केला असता तर फसला असता. येथे धावणारे डुक्कर, दमलेले कुटुंब, हसणारी गर्दी, लपू पाहणारा जब्या आणि शालू यांच्यात कट होत राहतात. जब्याचा अपमान पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. ती नजर आणि त्याचा चेहरा जोडण्याचे काम संकलनच करू शकते. म्हणूनच शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच कचरू माने जागीच उभा राहतो आणि डुक्कर निसटते, तेव्हा ती स्तब्धता अंगावर येते. आधीची गती नसती तर या थांबण्याला अर्थच उरला नसता.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने दीर्घ चित्रणाला वास्तवाच्या अधिक जवळचे मानले. हे मत सरसकट स्वीकारता येत नाही. 'कोर्ट'मधील चौकटही काटेकोरपणे रचलेलीच आहे. शिवाय चौकटीत पाहण्याजोगे काही नसेल तर दीर्घ चित्रण निव्वळ लांबण ठरते. शॉट संपण्यापूर्वी नजरेला नवे काही सापडते की नाही, यावरून त्याची परीक्षा करावी. शीघ्र संकलनातील दोषही असाच ओळखता येतो : कोण कोठे उभा आहे, हे कळेनासे झाले की गोंगाट उरतो, ताण राहत नाही.

'कोर्ट'च्या अखेरीस सुट्टीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही काळ अंधारातच राहतो. प्रेक्षक उठण्याच्या तयारीत असतो. त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. बाकावर डुलकी घेताना मुले ओरडून त्यांना जागे करतात आणि त्यांतील एकाला ते थप्पड मारतात. मधला अंधार कापला असता, तर ही थप्पड केवळ एक किरकोळ घटना वाटली असती.