जंप कट : मुद्दाम की चुकून?

व्लॉगच्या अभ्यासासाठी कोडिंग शीट बनवताना तुम्ही 'मुद्दाम केलेला कट' आणि 'चुकलेला कट' असे दोन रकाने आखणार असाल, तर जरा थांबा. करणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कटमध्ये दिसत नाही.

गोदारचा 'ब्रेथलेस' (१९६०) घ्या. सिनेमा फार लांब झाला होता, तो दीड तासात बसवायचा म्हणून शॉट मधूनच कापले गेले, असं सांगितलं जातं. म्हणजे मूळ कारण अगदीच व्यवहारी! तरी मोटारीतला प्रसंग चुकलेला वाटत नाही. पॅट्रिशिया पाठमोरी बसलेली आहे, चौकट तीच आहे, मागचा रस्ता मात्र दर कटला उडी मारून बदलतो. त्यावर मिशेल तिची मान, गुडघे असं एकेक वर्णन करत राहतो. चित्र तुटतं, बोलणं तुटत नाही. शिवाय कट एकदाच येत नाही, तो येतच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या कटला आपल्याला नियम कळतो.

आता हेच व्लॉगवर लावून बघू. समजा, कुणी कॅमेऱ्यासमोर बसून पोह्यांची कृती सांगतंय. "कांदा परतला, की... अं... हळद घालायची." मधला 'अं' कापला. डोकं दोन बोटं डावीकडे सरकलं आणि 'की'नंतर घेतलेला श्वास अर्धाच उरला. हा कट खटकतो, आणि त्यात जास्त दोष श्वासाचा आहे. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. दोन-तीन फ्रेम मागेपुढे केल्या तर श्वास पूर्ण तरी राहतो किंवा पूर्ण जातो.

डोक्याच्या उडीचं काय? इथे गंमत अशी की छोटी उडीच जास्त बोचते. चौकट जवळपास तीच राहिली की प्रेक्षकाला काहीतरी अडखळल्यासारखं वाटतं. म्हणून व्लॉगर कटनंतर चित्र साधारण १२० टक्के मोठं करतात. फरक ठळक झाला की तो निवडलेला वाटतो. माझ्या मते मात्र ही युक्ती फार स्वस्त झालीये; वाक्याचा जोर जिथे नाही तिथे चेहरा अंगावर आणला, की आपण मजकूर सोडून कटच बघायला लागतो.

तेव्हा रकाने बदला. क्लिप एकदा डोळे मिटून ऐका : श्वास, शब्द, खोलीचा आवाज तुटतो का? मग आवाज बंद करून बघा : चौकट किती बदलली? शेवटी मागचेपुढचे कट मोजा. तीन मिनिटं सलग शॉट आणि मध्येच एकटा कट असेल, तर तो निर्दोष असूनही चूक वाटू शकतो. आणि प्रेक्षकांना दाखवणार असाल, तर ते रोज काय बघतात हेही विचारून ठेवा. ज्याला दर वाक्याला कटची सवय आहे, त्याला हा पोह्यांचा कट कदाचित दिसणारही नाही.