संकल्प कोणाच्या नावाने?

‘टिळकांनी गणपती घरातून रस्त्यावर आणला’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा लिहिले गेले आहे की त्याच्याकडे पुन्हा बघावे असे कोणाला वाटत नाही. मला ते तीन ठिकाणी खटकते. आणणारे एकटे टिळक नव्हते, हे आता बहुतेकांना मान्य आहे. घरातला गणपती घरातून गेला नाही, तो तिथेच राहिला. आणि रस्त्यावर जे उभे राहिले ते घरच्या पूजेचे मोठे रूप नव्हते, त्याची घडण वेगळीच होती. या तिसऱ्या मुद्द्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

घरच्या पूजेपासून सुरुवात करू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मातीची मूर्ती पाटावर बसते, प्राणप्रतिष्ठा होते, दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी उत्तरपूजा करून मूर्ती जागची किंचित हलवली की तिच्यातले देवत्व संपले आणि ती पाण्यात पोचवायची. या विधीचा कणा म्हणजे संकल्प. आज अमुक तिथीला अमुक गोत्राचा अमुक मी ही पूजा करतो, असे यजमान आरंभीच म्हणतो. पूजा कोणाची, फळ कोणाला, खर्च कोणाचा, या सगळ्यांचे उत्तर त्या एका वाक्यात असते. शेजारी आरतीला येतात, प्रसाद घेतात, पण ते पाहुणे असतात. पेशव्यांच्या काळी शनिवारवाड्यातला उत्सव कितीही थाटाचा असला तरी तोही याच अर्थाने घरगुती होता. यजमान पेशवे, बाकीचे आमंत्रित.

आता १८९२ कडे येऊ. कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला गेले असता तिथला दरबारी थाटाचा उत्सव त्यांनी पाहिला आणि पुण्यात येऊन तो मित्रांना सांगितला. भाऊसाहेब जावळे, म्हणजे भाऊ रंगारी, यांनी राक्षसाचा वध करणारा गणपती बसवला, तो याच सुमारास. पहिले वर्ष १८९२ धरायचे की १८९३, यावर पुण्यात अजून भांडण आहे. २०१७ मध्ये शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या वेळी ते पुन्हा उफाळून आले. गुरुजी तालीम मंडळाची परंपरा तर आपला उत्सव १८८७ चा आणि हिंदू-मुसलमान कुटुंबांनी मिळून सुरू केलेला असे सांगते. ‘केसरी’चे संपादक राहिलेले ज. स. करंदीकर यांचे १९५३ चे ‘श्रीगणेशोत्सवाची साठ वर्षे’ हे पुस्तक आजही या विषयातले मोठे साधन आहे. पण साठ वर्षे मोजायची म्हणजे आरंभ १८९३ ला धरणे आले. पुस्तकाने आपली बाजू मुखपृष्ठावरच घेतलेली आहे.

पहिला कोण, या वादात मला फारसा रस नाही. लोकांना एकदम सार्वजनिक उत्सव चालवता कसा आला, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. पेठेपेठेतून पैसे जमवणे, मखर उभारणे, एकसारख्या पोशाखातल्या मुलांना गाणी शिकवणे, दहाव्या दिवशी सगळ्यांनी वाजतगाजत नदीवर जाणे, हे घरच्या पूजेत कोणी शिकले नव्हते. ते शिकले होते मोहरमात. पुण्यात आणि दख्खनच्या गावोगावी ताबुतांत हिंदू हौसेने सामील होत. ताबूत बसवत, नवस बोलत, टोळ्यांबरोबर गात. गणपतीचे मेळे ताबुतांपुढे चालणाऱ्या या टोळ्यांच्या धर्तीवर निघाले, हे त्या काळातल्या लोकांना उघड दिसत होते.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. ‘केसरी’ने सरकारवर पक्षपाताचा आरोप केला. पुढच्या वर्षी, १८९४ च्या मोहरमात, पुण्यातल्या बहुसंख्य हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि त्यानंतर दोन महिन्यांनी आलेला गणेशोत्सव एकदम फोफावला. त्याच उत्सवात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी नातूंच्या मेळ्यावरून मारामारी झाली. म्हणजे शेजाऱ्याच्या सणात शिकलेले कसब शेजाऱ्यापासून वेगळे होण्यासाठी वापरले गेले. ही गोष्ट गौरवग्रंथांना अडचणीची वाटते. तिच्या जागी, इंग्रजांनी सभांना बंदी केल्यामुळे टिळकांनी धर्माचा आडोसा घेतला, अशी सोपी कथा सांगितली जाते. ती मला पटत नाही. काँग्रेसचे अधिवेशन १८९५ मध्ये पुण्यातच उघडपणे भरले होते. टिळकांना सभेसाठी आडोसा नको होता. जो वर्ग सभेला येत नव्हता, तो त्यांना हवा होता.

पण त्या वर्गाला बोलावले की संकल्पाचा प्रश्न येतो. घरी पूजा यजमानाची. वर्गणीच्या गणपतीत यजमान कोण? व्यवहारात तोड अशी निघाली की समितीतला कोणी सोवळे नेसून पाटावर बसायचा, गोत्र त्याचेच, भटजी नेहमीचे, बाकी सगळे मंडपात. पैसा सर्वांचा आणि पूजा एकाची. ‘सार्वजनिक’ हा शब्द वर्गणीच्या पावतीपुरता खरा होता, गाभाऱ्यापुरता नव्हता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ही शिवण उसवली. पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या ब्राह्मणेतर चळवळीचा छत्रपती मेळा निघाला आणि मेळ्याचे हत्यार ज्यांनी घडवले त्यांच्यावरच उलटले.

दादरचे १९२६ चे प्रकरण मात्र थेट पाटापर्यंत पोचले. प्रबोधनकार ठाकरे यांनी ते ‘माझी जीवनगाथा’त सांगितले आहे, आणि सांगणारा स्वतः एका पक्षाचा आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचले पाहिजे. वर्गणी सर्व हिंदूंकडून घेता, तर अस्पृश्यांनाही पूजेचा अधिकार हवा, अशी मागणी घेऊन मंडळी मंडपात जमली. रावबहादूर बोले होते, डॉ. आंबेडकर आले. प्रबोधनकारांनी टोकाचा इशारा दिला. बऱ्याच वादावादीनंतर तडजोड ठरली ती अशी : ब्राह्मण पुजाऱ्याने पूजा करावी, मग एका अस्पृश्याने फुले त्या पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती गणपतीला वाहावीत.

ही तडजोड अनेकांनी विजय म्हणून नोंदवली आहे. मला ती नीट वाचण्याजोगी वाटते. अस्पृश्याचे फूल देवापर्यंत पोचले, हात पोचला नाही. मधे अजून एक हात होताच. तरीही घरच्या पूजेच्या तर्काला इथे पहिला खरा तडा गेला, कारण हक्क मागणाऱ्याने गोत्र सांगितले नाही, वर्गणी सांगितली. भक्ती, परंपरा, शास्त्र यांतले काहीच त्याने पुढे केले नाही. पैसे दिले म्हणून यजमानपण मागितले, आणि समितीला त्याचे उत्तर देता आले नाही.

तिने उत्तर दिले ते वेगळ्या रीतीने. दादरचा तो उत्सव पुढे बंद पडला. प्रबोधनकारांनी त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू केले, आणि तिथे वर्गणी गोळा करायला नवी समिती बसली.