पिंडारीचा भागाकार आणि पाच लाख चौरस किलोमीटर

आयपीसीसीच्या चौथ्या अहवालातली '२०३५'ची चूक बहुतेकांनी ऐकलेली असते. २००७ साली आलेल्या या अहवालाच्या दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात, आशियावरच्या दहाव्या प्रकरणात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता खूप जास्त आहे असं लिहिलं होतं. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ही गोष्ट सांगताना सगळे एकच सांगतात, की मूळ संदर्भ तपासला नाही. ते खरंच आहे. पण मी ते पान पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला वेगळंच जाणवलं. कुठलाही संदर्भ न उघडता, फक्त ती दोन-तीन पानं आणि एक कॅल्क्युलेटर घेऊन बसलं, तरी हा मजकूर आपल्याच आकड्यांशी भांडतोय हे दिसतं. आज तेवढंच करून बघू.

विभागाचा क्रमांक १०.६.२. सुरुवातीलाच सांगितलंय की हिमालयातल्या हिमनद्यांनी सुमारे तीस लाख हेक्टर क्षेत्र व्यापलंय. थोडं पुढे, त्या २०३५ वाल्या वाक्याला लागूनच येतं की त्यांचं एकूण क्षेत्रफळ आजच्या ५,००,००० चौरस किलोमीटरवरून २०३५ पर्यंत १,००,००० चौरस किलोमीटरवर येण्याची शक्यता आहे.

एका ठिकाणी हेक्टर, दुसऱ्या ठिकाणी चौरस किलोमीटर. डोळा दोन्हीवरून सहज घसरतो, कारण दोन्ही 'मोठे आकडे' आहेत. आता एकाच एककात आणा. एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर, म्हणून तीस लाख हेक्टर म्हणजे ३०,००० चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर पुणे आणि सोलापूर हे दोन जिल्हे मिळून साधारण तेवढे होतात. पाच लाख चौरस किलोमीटर म्हणजे मात्र दीड महाराष्ट्राहून जास्त. हिमालयातला बर्फ यापैकी नक्की किती? दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. फरक जवळजवळ सतरा पटींचा आहे.

याहून मजेशीर भाग पुढे आहे. दुसरं वाक्य म्हणतं की वितळून झाल्यावर एक लाख चौरस किलोमीटर उरेल. पहिल्या वाक्याप्रमाणे आज आहेच तीस हजार! म्हणजे नाहीशा होताना हिमनद्या तिपटीहून जास्त वाढणार. आणि त्याच्या आधीचं वाक्य म्हणतं की त्या नाहीशा होतील, तर हे म्हणतं एक लाख उरेल. लागोपाठची दोन वाक्यंसुद्धा एकमेकांना धरून नाहीत.

आकडा एकीकडून, वाक्य दुसरीकडून उचललं की असं होतं. नंतर ज्या हिमनदी-अभ्यासकांनी माग काढला त्यांना पाच लाख आणि एक लाख ही जोडी १९९६ च्या युनेस्कोच्या एका दस्तऐवजात सापडली. तिथे ती ध्रुवीय प्रदेश सोडून साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्यांबद्दल होती, आणि साल होतं २३५०. म्हणजे प्रदेशही बदलला आणि सालही. सालातली अदलाबदल मूळ कागद पाहिल्याशिवाय कळणं अवघड होतं हे मान्य. प्रदेश बदललाय याचा संशय मात्र हेक्टरवाल्या वाक्यानेच यायला हवा होता.

आता तक्ता. त्याच विभागात तक्ता १०.९ आहे, हिमालयातल्या काही हिमनद्या किती मागे सरल्या याची नोंद. स्तंभ चार: हिमनदी, कालावधी, तोंड किती मीटर मागे सरलं, आणि सरासरी वेग मीटर प्रति वर्ष. माझ्या मते तक्त्यात यापेक्षा छान रचना असू शकत नाही, कारण शेवटचा स्तंभ आधीच्या दोघांमधून निघतो. वाचणाऱ्याला तपासणी फुकट मिळते. स्प्रेडशीटमध्ये सुरुवातीचं साल, शेवटचं साल आणि मीटर हे तीन स्तंभ भरून पुढे एवढंच लिहायचं:

```
=ROUND(C2/(B2-A2),1)
```

त्रिलोकनाथ, १९६९ ते १९९५, ४०० मीटर: १५.४. तक्त्यातही १५.४. मिलम, १९०९ ते १९८४, ९९० मीटर: १३.२. बरोबर. बडा शिग्री, अठरा वर्षांत ६५० मीटर: ३६.१. बरोबर. एकेक ओळ जुळत जाते आणि मग येते पिंडारी. १८४५ ते १९६६, २,८४० मीटर. तक्ता म्हणतो वर्षाला १३५.२ मीटर. कालावधी १२१ वर्षांचा आहे, म्हणून उत्तर २३.५ यायला हवं. १३५.२ आलं कुठून? २,८४० ला २१ ने भागून बघा. बरोबर १३५.२. कोणीतरी कधीतरी १२१ मधला शतकाचा एक गाळला.

(बरीच मुलं इथे 'टायपिंगची चूक' म्हणून सोडून देतात. टायपिंगची चूक असती तर १३५.२ हा आकडा २१ ने इतका नेमका जुळला नसता. ही गणिताची चूक आहे, आणि गणिताच्या चुकीला नेहमी एक कारण सापडतं. ते सापडेपर्यंत थांबू नका, कारण तीच चूक दुसऱ्या ओळीतही असू शकते. इथे सुदैवाने नव्हती.)

भागाकार न करताही ही ओळ टोचायला हवी होती. बाकी सगळे वेग ५ ते ३६ च्या दरम्यान आहेत. त्यात एकटा १३५ म्हणजे पुढच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या जवळजवळ चौपट. शिवाय एक छोटी गोष्ट: सगळ्यात लांब कालावधी पिंडारीचाच आहे. सव्वाशे वर्षांची सरासरी इतर सर्वांच्या छोट्या कालावधीतल्या सरासरीपेक्षा इतकी जास्त असेल, तर मजकुरात त्यावर एक तरी वाक्य हवं. नाहीये. लेखकाने तक्त्यातल्या सर्वांत ठळक आकड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर शक्यता अशी की त्याने तक्ता चिकटवला पण वाचला नाही. मी परीक्षक म्हणून काही वाचते तेव्हा ही खूण मला फार उपयोगी पडते.

तक्त्याच्या बाबतीत याहून गंभीर तक्रार मात्र शीर्षकाशी आहे, आणि तिला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. मजकुरात लिहिलंय की हिमालयातल्या हिमनद्या जगातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा वेगाने मागे हटत आहेत, आणि पुढे 'पाहा तक्ता १०.९'. आपण पाहतो. तक्त्याचं शीर्षक सांगतं की हा हिमालयातल्या काही हिमनद्यांचा तक्ता आहे. आल्प्स नाही, अँडीज नाही, अलास्का नाही. ज्या तुलनेसाठी आपल्याला तिथे पाठवलं ती तुलना तिथे नाहीच. 'पाहा तक्ता' लिहिलं की वाक्याला पुरावा असल्याचा भास होतो, म्हणून असं प्रत्येक वाक्य तक्त्याच्या शीर्षकाशेजारी ठेवून वाचायचं: वाक्यातला प्रदेश, काळ आणि राशी शीर्षकात आहेत का? इथे प्रदेशाची अर्धी बाजूच गायब.

न्यायाने सांगायचं तर सगळंच वाईट नाही. मजकुरात गंगोत्रीबद्दल १९८५ ते २००१ या काळात वर्षाला सुमारे २३ मीटर असं म्हटलंय. तक्त्यात ३६८ मीटर, २३.०. सोळा वर्षांनी भागलं तर बरोबर २३. इथे मजकूर आणि तक्ता जुळतात. शेजारच्या आकृती १०.६ चं शीर्षक १७८० पासूनच्या माघारीबद्दल बोलतं आणि मजकूर १८४२ पासून सुरू होतो, ही थोडी कुरकुर. ते उपग्रहचित्र २००१ चं आहे, जुन्या रेषा त्यावर काढलेल्या आहेत.

पण हा जुळलेला आकडाच मोठ्या दाव्याच्या विरोधात साक्ष देतो. मजकुरानुसार गंगोत्रीची लांबी ३०.२ किलोमीटर. किलोमीटरचे मीटर करा, ३०,२००. वर्षाला २३ मीटर या वेगाने संपायला तेराशे वर्षं लागतील. अहवाल निघाला २००७ मध्ये, २०३५ ला उरली २८ वर्षं. म्हणजे वर्षाला जवळजवळ १,०८० मीटर मागे सरायला हवं, नोंदवलेल्या वेगाच्या सत्तेचाळीस पट. आता कोणी म्हणेल की हिमनदी फक्त तोंडाकडून संपत नाही, ती पातळही होते, आणि वेग वाढूही शकतो. बरोबर आहे. तोंडाची माघार हे काही बर्फाच्या वस्तुमानाचं माप नव्हे, म्हणून तेराशे हे भाकीत समजू नका. पण वाक्यातली अट काय आहे? 'सध्याचा वेग कायम राहिला तर'. सध्याचा वेग म्हणून समोर ठेवलेली नोंद मीटर प्रति वर्षाची, आणि निष्कर्ष मात्र नाहीसं होण्याच्या सालाचा. मधला पूल कुठेच नाही. तो असता तर लिहितानाच कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

हे सगळं वाचून 'म्हणजे हिमनद्या वितळत नाहीत' असा अर्थ काढू नका. त्याच तक्त्यातली प्रत्येक ओळ माघारच दाखवते, दुरुस्त केलेली पिंडारीसुद्धा.

मला याचं फार हसू येत नाही, कारण मागच्या वर्षी माझ्याच प्रगती-अहवालात आलेखाच्या अक्षावर मिलिमीटर आणि मजकुरात सेंटिमीटर होतं. आलेख नवीन डेटावर पुन्हा काढला, परिच्छेद जुनाच राहिला. तीन जणांनी वाचून सही केली. सापडलं ते ज्युनिअरने, 'ताई, हे दहापट कसं?' विचारलं तेव्हा. तेव्हापासून मी सादर करायच्या आदल्या दिवशी मजकुरातला प्रत्येक आकडा हायलायटरने रंगवते, तो ज्या आकृतीतून किंवा तक्त्यातून आला तिचा क्रमांक समासात पेन्सिलने लिहिते आणि मग उलट्या दिशेने, म्हणजे आकृतीकडून मजकुराकडे, वाचत येते. मजकुराकडून आकृतीकडे गेलं की डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं. ज्या आकड्याच्या समासात काहीच लिहिता येत नाही तो आकडा मूळ कागद उघडून तपासायचा.

कार्यगटाच्या त्या पानावर या रीतीने ५,००,००० च्या समासात काय लिहिलं असतं? तक्ता नाही, आकृती नाही. फक्त २००५ च्या एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालाचा संदर्भ.